वरचं नाव काढा, खालचं आपोआप येतं
गावकारभार : भाग ९

अमरावती जिल्ह्यात १४ पंचायत समित्या आहेत, अकोल्यात ७. यांतल्या कुठल्याही कार्यालयात नवा गटविकास अधिकारी रुजू झाला की पहिले दोन दिवस शाल-श्रीफळ आणि पुष्पगुच्छांचे असतात. त्यानंतर लेटरहेड यायला लागतात. बदली, बिल, विहीर, गोठा असे सगळे विषय त्यात असतात. पण सगळ्यात जाड गठ्ठा घरकुलाचा असतो.

या भागातल्या गटविकास अधिकारी, म्हणजे तालुक्याच्या बोलीत 'बीडीओ मॅडम', कोणी एक व्यक्ती नाहीत. त्या, त्यांचे गाव आणि त्यातली माणसे गोष्ट नीट सांगता यावी म्हणून उभी केली आहेत. नियम, कागद आणि त्यांतल्या पळवाटा मात्र आहेत तशा दिल्या आहेत.

तर मॅडम लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन महाराष्ट्र विकास सेवेत आल्या, मूळच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या. पहिल्याच आठवड्यात एक पुढारी तीन जणांना घेऊन दालनात आले. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "मॅडम, आपल्या गावचे तीन गरीब माणसं हायेत. याइले घरकुल काऊन नाही भेटत, थे पाहा जरा." मॅडमनी खरे ते उत्तर दिले : प्रधानमंत्री आवास योजनेच्या यादीत नाव घालणे माझ्या हातात नाही.

पुढारी हसले. "नाव घालाले कोण म्हणते? नावं यादीतच हायेत. फक्त ग्रामपंचायतीचा ठराव आला, थो तेवढा मंजूर करा."

या भागाचा विषय तो ठराव आहे. घरकुलाचा घोटाळा म्हटले की यादीत खोटे नाव घुसवणे एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पूर्वी ते सोपे होते. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत लाभार्थी निवडायला गावपातळीवर भरपूर मोकळीक असे. २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण आली आणि निवडीचा पाया बदलला. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातून बेघर आणि कच्च्या घरांतली कुटुंबे घेतली गेली. त्यातून सुटलेल्यांसाठी २०१८-१९ मध्ये 'आवास प्लस'चे सर्वेक्षण झाले. गावात पहिलीला 'ब यादी' आणि दुसरीला 'ड यादी' म्हणतात. प्रत्येक ग्रामपंचायतीची यादी प्रवर्गनिहाय वेगळी असते, प्रत्येक नावाला क्रमांक असतो आणि मंजुरी त्या क्रमानेच द्यायची असते. आधी बेघर, मग शून्य खोलीचे, मग एका खोलीचे, असा तो क्रम.

म्हणजे नाव वर सरकवता येत नाही. पण वरचे नाव काढले तर?

ग्रामसभेला अपात्र कुटुंब वगळण्याचा अधिकार आहे आणि तो असायलाच हवा. लाभार्थी वारसाविना मरण पावतो, कोणी दरम्यान पक्के घर बांधतो, कोणी गाव कायमचे सोडतो, कोणाला दुसऱ्या योजनेतून घर मिळालेले असते. सर्वेक्षण जुने झाले की अशी नावे निघणारच. अडचण एवढीच, की वरून तीन नावे गेली की खालची तीन आपोआप मंजुरीच्या रांगेत येतात. त्यासाठी कोणाचेही खोटे नाव घुसवावे लागत नाही.

मॅडमनी ठराव मागवला. सातपुड्याच्या पायथ्याचे, पण पेसा क्षेत्राबाहेरचे गाव. अनुसूचित जमातीच्या यादीतून त्या गावाला पाच घरकुले आली होती. ठरावाने दुसरे, तिसरे आणि पाचवे नाव अपात्र केले होते. शेरे असे : एक 'स्थलांतरित', एक 'जागा नाही', एक 'पक्के घर आहे'. पुढाऱ्यांसोबत आलेले तिघे सहाव्या, सातव्या आणि आठव्या क्रमांकाचे निघाले. वगळलेले आणि वर येणारे एकाच प्रवर्गाचे असतात, कारण यादीच तशी असते. त्यामुळे कोणाच्या जाण्याने कोणाचा फायदा होतो हे दोन मिनिटांत दिसते. नव्या अधिकाऱ्याने घरकुलाचा ठराव वाचायला घेताना आधी हेच पाहावे.

नंतर त्यांनी ग्रामसभेचे प्रोसिडिंग बुक पाहिले. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. गावात ८०० मतदार. १५ टक्के म्हणजे १२०, म्हणून १०० माणसे हवीत. २६ जानेवारीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती आणि नंतर ३१ सह्यांवर ठराव झाला होता. हे बेकायदा नाही. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही पळवाट वऱ्हाडातल्या प्रत्येक मुरलेल्या सरपंचाला पाठ आहे. मात्र तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. मूळ नोटिशीत विषय होता 'घरकुल यादीचे वाचन करणे', आणि ठराव होता नावे कमी करण्याचा. धागा इथे सापडला.

शेरे मात्र कागदावर तपासता येत नाहीत. मॅडम विस्तार अधिकारी आणि गृहनिर्माण अभियंत्याला घेऊन गावात गेल्या. जाताना पुढाऱ्यांना किंवा सरपंचांना फोन केला नाही, हेही महत्त्वाचे.

'स्थलांतरित' कुटुंब कोरकू होते. या पट्ट्यातली आणि मेळघाटातली कोरकू माणसे खरिपानंतर कामासाठी मैदानी भागात उतरतात आणि होळीला गावी परततात. होळी हा त्यांचा सगळ्यात मोठा सण. २६ जानेवारीच्या सभेला ते घर बंद असणारच. कायमचे गाव सोडणे आणि हंगामी कामाला जाणे यांत फरक आहे, आणि तो कागदाने सिद्ध होतो. गावच्या रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर त्या घरच्या बाईचा अंगठा दिवाळीपर्यंत दर महिन्याला होता. रोजगार हमीच्या हजेरीपटावर पावसाळ्याआधीचे दिवस होते. मुलगा आजीजवळ राहून गावच्याच शाळेत शिकत होता.

'जागा नाही' हा शेरा खरा होता. ते कुटुंब ई-क्लास जमिनीवर राहत होते. मॅडमना ई-क्लास म्हणजे काय हे ड्रायव्हरला विचारावे लागले. वऱ्हाडात सरकारी पडीक आणि चराईच्या जमिनीला हेच म्हणतात आणि अर्धी अतिक्रमणे तिथेच असतात. पण जागा नसणे हे अपात्रतेचे कारणच नाही. भूमिहीनाला जागा मिळवून देणे ही शासनाची जबाबदारी आहे. जुने निवासी अतिक्रमण नियमात बसत असेल तर नियमित करता येते. नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला पैसे मिळतात. ही मदत आधी ५० हजारांपर्यंत होती, पुढे १ लाखापर्यंत गेली. हे काम किचकट असते. तलाठी, मोजणी, तहसील, पुन्हा ग्रामपंचायत. म्हणून ग्रामपंचायतीला सोपा मार्ग सापडतो : नावच काढा.

आणि इथे पुढाऱ्यांच्या बाजूला एक अनपेक्षित मित्र असतो, तो म्हणजे उद्दिष्ट. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राला सुमारे २० लाख घरकुलांचे उद्दिष्ट मिळाले आणि २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात मंजुरीपत्रे आणि पहिल्या हप्त्याचा मोठा कार्यक्रम झाला. त्याआधीचे काही आठवडे प्रत्येक पंचायत समितीत रोज आढावा होत होता, तालुक्याची टक्केवारी पडद्यावर. जागेअभावी अडलेले नाव टक्केवारी खाली ओढते. अशा वेळी 'ठराव आलाय, अपात्र करून पुढचं घ्या' हा सल्ला पुढाऱ्याबरोबर कार्यालयातला माणूसही देतो, तोही अगदी चांगल्या हेतूने. शिवाय प्रणालीत एकदा अपात्र झालेले नाव पंचायत समितीच्या लॉगिनवरून सहज परत येत नाही. जिल्ह्याच्या आणि त्याही वरच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दबाव झेलायचा तो बटण दाबण्याआधीच.

तिसरा शेरा, 'पक्के घर आहे', खरा निघाला. लाभार्थ्याने दोन वर्षांपूर्वी स्लॅबचे घर बांधले होते. ते नाव गेले आणि सहाव्या क्रमांकाला रीतसर घरकुल मिळाले.

पुढाऱ्यांचा माणूस वर आलाच, असे कोणी म्हणेल. हो, आला. तोही कुडाच्या भिंतीतच राहत होता. त्या दालनात पुढारी म्हणाले होते, "आमचे माणसं का श्रीमंत हायेत का, मॅडम?", तर त्यात तथ्य होते. अशा प्रकरणांत बहुतेक वेळा भांडण गरिबाचे आणि श्रीमंताचे नसते; आधी कोण, एवढ्याचेच असते.

दोन नावे काढायचे थांबवल्यावर पुढे काय झाले असेल, हे तालुका पाहिलेल्या कोणालाही सांगता येईल. आधी फोन. मग कार्यालयाला कुलूप ठोकण्याचा इशारा. मग आमसभा. पंचायत राजचा महाराष्ट्रातला आराखडा पुसदच्या वसंतराव नाईकांच्या समितीने दिला आणि १९६१ चा कायदा १ मे १९६२ पासून लागू झाला. या रचनेने आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वापासून दूर ठेवले. पण तालुक्याची वार्षिक आमसभा आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते, आणि तिथे हजार माणसांसमोर बीडीओला उभे करून प्रश्न विचारता येतात. "घरकुल काऊन अडवलं?" या प्रश्नाला टाळ्या मिळतात, तहकूब सभेतला नवा विषय या उत्तराला मिळत नाहीत.

मॅडमनी तीन गोष्टी केल्या. तोंडी आलेल्या प्रत्येक शिफारशीवर 'लेखी द्या' म्हटले आणि आलेले पत्र आवक नोंदवहीत घेतले; निम्मे लोक तिथेच थांबले. स्थळपाहणीचा पंचनामा त्याच दिवशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेच्या प्रकल्प संचालकांना पाठवला. आणि ठराव फेटाळला नाही. नोटिशीत विषय स्पष्ट लिहून, होळीनंतर पुन्हा ग्रामसभा घ्या, असे ग्रामपंचायतीला कळवले. त्या सभेला कोरकू कुटुंबे हजर होती. 'स्थलांतरित' शेरा कोणी उच्चारलाही नाही. ई-क्लासवरच्या कुटुंबाचे घरकुल अजून जागेच्या फायलीत अडकले आहे.

बदलीचे म्हणाल, तर बदल्यांच्या कायद्यात तीन वर्षांचा कार्यकाळ लिहिला आहे आणि मुदतपूर्व बदलीसाठी विशेष कारण नोंदवायचे आहे. असे कारण मिळत नाही असे सहसा होत नाही.

ज्यांचे नाव ब किंवा ड यादीत आहे त्यांनी एवढे करावे. ग्रामपंचायतीत जाऊन आपला क्रमांक आणि प्रवर्ग लिहून घ्यावा. नावापुढे शेरा असेल तर त्या ठरावाची प्रत आणि त्या सभेची नोटीस, दोन्ही मागावीत. हरकत पंचायत समितीत लेखी द्यावी, पोच शिक्क्यासह घ्यावी; तिथे दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या अपिलीय समितीकडे जावे. कामाला बाहेरगावी जाणार असाल तर तसे ग्रामपंचायतीला कागदावर कळवून जावे. पुढच्या भागात मंजूर झालेल्या घरकुलाचे हप्ते कुठे अडतात ते पाहू.