टिन, वासे आणि मधली दोन इंच हवा

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास अकोल्यातल्या किंवा अमरावतीतल्या एखाद्या टिनाच्या घरात तुम्ही बसला असाल, तर एक गोष्ट तुमच्या नक्की लक्षात आली असेल. दारे-खिडक्या लावून बाहेरची झळ अडवलेली असते, पंखा फिरत असतो, फरशीवरचे पाय फारसे तापलेले नसतात. पण डोके आणि खांदे मात्र भाजल्यासारखे होतात. अशा वेळी डोक्यावर नुसते वर्तमानपत्र आडवे धरून पाहा. लगेच बरे वाटते. खोलीतली हवा काही त्या कागदाने थंड केलेली नसते. मग कागदाने अडवले काय?

त्याने अडवली टिनाकडून येणारी प्रारित उष्णता. बाहेर हवेचे तापमान ४३ अंश सेल्सिअस असेल, तेव्हा उन्हात पडलेला जुना, मळकट टिन ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. (आपण ज्याला टिन म्हणतो तो खरे म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी किंवा पोलादी पत्रा. टिन, म्हणजे कथील, त्यात नसते. पण वऱ्हाडात नाव टिनच पडले आहे, तेव्हा आपणही तेच वापरू.) असा तापलेला पत्रा आपली उष्णता हवेच्या मध्यस्थीशिवाय सरळ खाली फेकतो. चुलीसमोर बसल्यावर तोंडाला धग लागते तशीच ही धग, फक्त वरून येणारी.

वऱ्हाडातल्या जुन्या कवेलूंच्या घरांत ही धग इतकी जाणवत नसे. कवेलू भाजल्या मातीचे, जाड; त्यांच्याखाली तुराट्यांचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा थर; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकावर एक नुसते रचलेले असल्यामुळे कवेलू-कवेलूंमध्ये शेकडो बारीक फटी. या फटींतून तापलेली हवा निसटून जाई. कवेलू फेरण्याचा दरवर्षीचा त्रास आणि माकडांचा उपद्रव यांना कंटाळून लोकांनी टिन घातले. पाणी गळणे थांबले, पण छपराचा श्वासही बंद झाला.

आता टिनाच्या छपराखाली गारवा आणायचा तर पहिला विचार सुचतो तो उष्णतारोधक थराचा. टिन रिपांवर टेकलेला असतो, रिपा वाशांवर. दोन वाशांमध्ये जो लांबट गाळा असतो, त्यात काचेची लोकर, दगडी लोकर किंवा थर्मोकोल भरायचा आणि खालून फळ्यांची किंवा प्लायवुडची तक्तपोशी ठोकायची. हे सारे पदार्थ उष्णता अडवतात ते आपल्या पोटात कोंडलेल्या स्थिर हवेच्या जोरावर. कापूसही याच कारणाने ऊबदार असतो; पण कापूस पेट घेतो, ओल धरतो आणि उंदरांना फार आवडतो, म्हणून कापसाच्या मुलखातही तो छपरात भरू नये.

इथे बहुतेकजण म्हणतील, वासा चार इंच खोल आहे ना, मग चारही इंच ठासून भरा! हे चूक का, ते हिशेबानेच पाहू या.

समजा, अकोल्यात ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अशी एक खोली आहे. छपराचे क्षेत्रफळ ढोबळमानाने १२ चौरस मीटर धरू. टिन ६५ अंशांवर आहे आणि खोली ४० अंशांवर. म्हणजे फरक २५ अंशांचा. उघड्या जुन्या टिनाखाली प्रत्येक चौरस मीटरमागे, फरकाच्या प्रत्येक अंशाला, सुमारे ६ वॅट उष्णता खाली येते असे धरता येते. ६ गुणिले २५ गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट. हजार वॅटच्या जवळजवळ दोन विजेच्या शेगड्या छताला उलट्या टांगाव्यात, तसे हे झाले!

आता वाशांमध्ये दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर, लोकर बसवली. लोकरीची उष्णतावाहकता सुमारे ०.०४ असते. ०.०४ ला ०.०५ मीटरने भागून २५ अंशांनी गुणले, की चौरस मीटरमागे २० वॅट येतात आणि साऱ्या छपरामागे २४० वॅट. म्हणजे १८०० वरून आपण एकदम २४० वर आलो. आणखी दोन इंच लोकर भरली तर २४० चे १२० होतील. पहिल्या दोन इंचांनी दीड हजारांहून अधिक वॅट अडवले, पुढच्या दोन इंचांनी अडवले फक्त १२०. ही दुसरी दोन इंच जागा रिकामी ठेवली तर तिचा याहून चांगला उपयोग होतो.

तो उपयोग दिवसा एक आहे आणि रात्री दुसरा. रात्रीचा आधी सांगतो, कारण तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निरभ्र रात्री, टिनासमोर थंड आकाश उघडे असते. टिन आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. हवेत अजून पावसाळ्याची ओल असते. मग गवतावर पडते तसे दव टिनाच्या वरच्या बाजूवर पडते, आणि खालच्या बाजूवरही! पहाटे टिनाच्या घरात थेंब टपकतात ते पुष्कळदा गळतीचे नसतात, या दवाचे असतात. खोलीत स्वयंपाक होत असेल तर वाफ वर जाऊन त्यात भर घालते. टिनाला लोकर चिकटवून भरली असेल तर हे पाणी लोकरीत मुरते. पाणी हे स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते, तेव्हा भिजलेली लोकर निकामी ठरते. शिवाय कोंडलेल्या ओलीने टिन खालून गंजतो आणि वासे कुजू लागतात. लोकरीवर मोकळी जागा असली आणि तिच्यातून वारा वाहत असला, की सकाळचे ऊन चढताच सारे वाळून जाते.

थंड देशांत ही फट ठेवतात ती मुख्यतः याच कारणाने. तिथे घरातली उबदार, दमट हवा वर जाऊन गार छपराला लागते आणि तिचे पाणी होते. ब्रिटनमधल्या प्रचलित मार्गदर्शनात अशा छपराखाली किमान ५० मिलिमीटर मोकळी वाट ठेवायला सांगतात. आपल्याकडे इतके दूर जायलाही नको. अमरावती जिल्ह्यातच सुमारे १,१०० मीटर उंचीवर चिखलदरा आहे. तिथल्या पावसाळी धुक्यात हीच फट वाळवण्याचे काम करील, आणि खाली अकोल्याच्या मे महिन्यात तीच गारव्यासाठी राबेल.

दिवसा काय घडते? फटीतली हवा टिनाला लागून तापते. बाहेरची हवा ४२ अंशांवर आणि फटीतली ५५ वर असेल, तर फटीतला एक घनमीटर बाहेरच्यापेक्षा सुमारे ४० ग्रॅमने हलका असतो. हलकी हवा उताराने वर सरकत आढ्यापाशी बाहेर पडते आणि तिच्या जागी वळचणीपाशी नवी हवा आत येते. चाळीस ग्रॅमचा हा रेटा अगदी दुबळा आहे. म्हणून वाट मोकळी असावी लागते, खाली आणि वर दोन्ही टोकांना तोंड असावे लागते, आणि उतारही बरा असावा लागतो. जवळजवळ सपाट टिनाखाली ही हवा रेंगाळते.

मात्र नुसत्या वाहत्या हवेवर भिस्त ठेवून चालत नाही. टिनाची धग प्रारणाने, हवेला ओलांडून, लोकरीवर पडतच असते. तिच्यासाठी ॲल्युमिनियमचा चकचकीत वर्ख लावतात. तो कुठे लावायचा? लोकरीवर, चकाकी वर करून, असे पटकन सुचेल. पण काळ्या मातीच्या आपल्या मुलखात एक-दोन उन्हाळ्यांत त्यावर धुळीचा थर बसतो आणि चकाकी जाते. त्यापेक्षा वर्ख रिपांच्या खालच्या अंगाला, चकाकी खाली करून लावावा. चकचकीत पृष्ठभाग तापला तरी फार थोडे प्रारण सोडतो, आणि खाली तोंड असल्यामुळे त्यावर धूळ बसत नाही. टिनावरून टपकणारे दवही वर्खावर पडून उताराने वळचणीबाहेर जाते. त्यासाठी वर्खाचे खालचे टोक भिंतीच्या बाहेर काढायला हवे.

आता सुतार हे काम कसे करील ते पाहा. आधी टिनाची गळती पुरती बंद करायची. मग प्रत्येक वाशाच्या दोन्ही अंगांना, वरच्या कडेपासून ५० मिलिमीटर खाली, लाकडाच्या बारीक पट्ट्या ठोकायच्या. लोकर खालून वर ढकलली की ती या पट्ट्यांना अडते. पट्ट्या नसतील तर ती फुगून फट खाऊन टाकते. लोकरीचा तुकडा गाळ्यापेक्षा किंचित रुंद कापायचा, म्हणजे कडेला भेग राहत नाही. हे करताना नाका-तोंडाला फडके आणि हातांत मोजे हवेत, कारण काचेचे तंतू खाज आणतात. थर्मोकोल वापरला तर त्याच्या जवळ चूल, दिवा किंवा विजेच्या उघड्या तारा नकोत. तो पेटला की काळा, घातक धूर सोडतो. शेवटी तक्तपोशी, फटी न ठेवता.

वळचणीपाशी प्रत्येक गाळ्याला साधारण एक इंच उंचीचे तोंड ठेवून त्यावर बारीक जाळी ठोकायची. जाळी काही जागा अडवते, म्हणून तोंड थोडे मोठेच असलेले बरे. आढ्यावरचा टोपीपत्रा किंचित उचलून तिथेही वाट ठेवायची, पण पाऊस आत येणार नाही अशी. प्रत्येक गाळा ही स्वतंत्र नळी आहे. शेजारच्या गाळ्याचे तोंड त्याच्या कामी येत नाही.

पुढे बिघडते ते बहुधा इथेच. चिमण्या नि खारी घरटी करतात म्हणून कोणीतरी वळचणीची तोंडे सिमेंटने लिंपून टाकतो, किंवा लोकर घसरून खालच्या टोकाशी गोळा होते. छत खालून होते तसेच दिसते, त्यामुळे कळत नाही. कळण्याची खूण सोपी आहे. भर दुपारी, वारा पडलेला असताना, मोठ्या माणसाला सोबत घेऊन शिडीवरून वळचणीच्या जाळीसमोर पिंजलेल्या कापसाचा एक तंतू धरा. तापल्या टिनावर मात्र चढू नका. तंतू आत ओढला गेला तर तो गाळा चालू आहे. लोंबता राहिला तर वाट कुठेतरी बंद आहे. तक्तपोशीवर एकाच पट्ट्यात तपकिरी डाग किंवा कुबट वास आला, तरी त्या गाळ्यावर संशय घ्यावा.

आणि एक गैरसोयही सांगायला हवी. उघडा टिन रात्री झपाट्याने निवतो आणि त्याबरोबर खोलीही निवते. लोकर बसवल्यावर ही वाट बंद होते. दिवसभर तापलेल्या विटांच्या भिंतींची उष्णता वरून निघून जात नाही. म्हणून अशा घरात सूर्य मावळून बाहेरची हवा खोलीपेक्षा गार झाली, की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या लागतात, आणि सकाळी आठ-साडेआठला त्या पुन्हा लावून घ्याव्या लागतात.