फास्टॅगच्या स्टेटमेंटमधल्या दोन वेळा

फास्टॅगचे स्टेटमेंट तपासताना अनेकांची नजर थेट रकमेवर जाते. खरी माहिती मात्र वेळेच्या रकान्यात असते. गाडी नाक्यावरून गेली ती वेळ वेगळी आणि बँकेने पैसे कापले ती वेळ वेगळी. हा व्यवहार बँकेपर्यंत उशिरा पोहोचला, तर गाडी घरी उभी असतानाही टोल कापल्याचा मेसेज येतो.

समजा, पुण्याची एक मोटार सकाळी ९:१० ला खेड-शिवापूर नाका ओलांडून साताऱ्याला गेली आणि रात्री परतली. एकेरी टोल १०० रुपये धरला, तर स्टेटमेंटमध्ये आधी १०० आणि नंतर ५० रुपये दिसतील. ही दुहेरी कपात नव्हे. २४ तासांत परतल्यास दोन्ही फेऱ्यांचा मिळून दीडपट टोल लागतो. परतताना पूर्ण १०० कापले गेले, तर मात्र तक्रार करावी.

खरी दुहेरी कपात ओळखायची खूण म्हणजे एकच नाका, एकच दिशा, काही मिनिटांचे अंतर आणि दोन वेगळे व्यवहार क्रमांक. ते दोन्ही क्रमांक घेऊन टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार नोंदवावी. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ ही हेल्पलाइनही आहे. रोख भरूनही टॅगमधून पैसे गेले असतील, तर नाक्यावरची पावती हाच पुरावा.

रिचार्जनंतर शिल्लक कमी दिसली, तरी लगेच घाबरू नये. आधी शिल्लक अपुरी असताना टोल अनामत रकमेतून वळता झाला असेल, तर पुढच्या रिचार्जमधून ती अनामत आधी भरून काढली जाते.