आधी सगळ्यात दुर्मीळ दोन

काका दादाला लाडका दादा काकाला लाडका. या वाक्यात साहित्य शोधायला जाऊ नये. ते चिन्हं मोजण्यासाठी जुळवलेलं आहे. पूर्णविराम सोडला तर संगणकाच्या हिशेबाने त्यात ३५ चिन्हं भरतात. संगणक ‘का’ हे एक अक्षर मानत नाही, त्याच्या लेखी क वेगळा आणि काना वेगळा. काना १४ वेळा आला आहे, क ६ वेळा, शब्दांमधली मोकळी जागा ५ वेळा, द आणि ल प्रत्येकी ४ वेळा आणि ड २ वेळा. यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि मोकळी जागा १ बाइट. म्हणजे एवढ्याशा वाक्याला ९५ बाइट, अर्थात ७६० बिट लागतात.

हा खर्च कमी करता येईल का? एका झटक्यात येतो. वाक्यात वेगवेगळी चिन्हं सहाच आहेत आणि तीन बिटांत आठ वेगवेगळे संकेत बसतात. प्रत्येक चिन्हाला तीन बिट दिले की ३५ गुणिले ३, म्हणजे १०५ बिटांत काम भागतं. पण यात एक गोष्ट खटकते. चौदा वेळा येणारा काना आणि दोनदाच येणारा ड, दोघांनाही सारखीच जागा का द्यायची? वारंवार येणाऱ्याला लहान संकेत आणि क्वचित येणाऱ्याला मोठा, असं केलं तर आणखी बचत व्हायला हवी.

अडचण वाचताना येते. संकेतांची लांबी कमीजास्त झाली की एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कळायला हवं. मोर्सच्या तारायंत्रात इंग्रजी ‘ई’ म्हणजे एक ठिपका आणि ‘आय’ म्हणजे दोन ठिपके. त्यामुळे दोन ठिपके ऐकल्यावर ते दोन ‘ई’ की एक ‘आय’ हे मधल्या थांब्यावरूनच ठरतं. बिटांच्या ओळीत असा थांबा नसतो. त्यावरचा उपाय जुन्या लँडलाइनच्या एसटीडी कोडमध्ये दिसतो. मुंबईचा ०२२, पुण्याचा ०२०. म्हणून नुसता ०२ हा कोड कुठल्याच गावाला देता येत नाही. कुठलाही संकेत दुसऱ्या संकेताची सुरुवात नसावा, एवढी एकच अट. ती पाळणाऱ्या संकेतसंचाला प्रीफिक्स कोड म्हणतात.

ही अट झाडाच्या आकृतीत आपोआप पाळली जाते. मुळापासून निघायचं, डावीकडे वळलं की ०, उजवीकडे वळलं की १, आणि चिन्हं फक्त शेवटच्या पानांवर ठेवायची. पानाच्या पुढे फांदी नसते, त्यामुळे एका चिन्हाच्या वाटेवर दुसरं चिन्ह लागतच नाही. मग प्रश्न उरतो तो इतकाच, की कोणतं चिन्ह किती खोल ठेवलं तर एकूण बिट सर्वांत कमी लागतील?

माहितीशास्त्राच्या सुरुवातीच्या काळात, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, क्लॉड शॅनन आणि रॉबर्ट फानो या दोघांनी यावर विचार केला होता. फानोची रीत वरून खाली जाते. चिन्हं उतरत्या क्रमाने मांडायची आणि दोन्ही बाजूंची बेरीज शक्य तितकी सारखी होईल अशा जागी यादी कापायची; मग प्रत्येक तुकडा पुन्हा तसाच कापायचा. आपल्या वाक्यात पहिला काप क नंतर पडतो: काना आणि क मिळून २०, उरलेले १५. (एकटा काना वेगळा काढला असता तर १४ विरुद्ध २१, म्हणजे जास्त असमतोल.) दुसऱ्या तुकड्याचे पुढे मोकळी जागा व द, आणि ल व ड असे दोन भाग होतात. काना आणि क यांना दोन-दोन बिट, बाकी चौघांना तीन-तीन. एकूण ८५. रीत समंजस वाटते, उत्तरही वाईट नाही. पण ते सर्वोत्तम नाही.

१९५१ साली फानो एमआयटीत माहितीशास्त्र शिकवत होते. एमआयटी पुण्याची नव्हे, अमेरिकेतली. त्यांनी विद्यार्थ्यांना पर्याय दिला: अंतिम परीक्षा द्या, नाहीतर एक निबंध लिहा. निबंधाचा विषय होता, सर्वांत कमी बिट लागणारा संकेत शोधण्याची रीत. खुद्द फानोंना आणि शॅननना ते जमलेलं नाही, हे त्यांनी वर्गात सांगितलं नाही. डेव्हिड हफमन या पंचविशीतल्या विद्यार्थ्याने परीक्षा टाळून निबंध निवडला, कित्येक महिने डोकं फोडलं आणि शेवटी हार मानून परीक्षेच्या तयारीला लागायचं ठरवलं. टिपणं फेकायच्या बेतात असतानाच त्याला उत्तर सुचलं: झाड वरून नव्हे, खालून बांधायचं. १९५२ मध्ये ते शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झालं आणि आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ग्रीडी, म्हणजे अधाशी पद्धतीचा नमुना म्हणून हमखास करायला दिलं जातं.

रीत दोन ओळींत सांगता येते. सर्वांत कमी वेळा आलेली दोन चिन्हं उचला, त्यांना एका फांदीवर जोडा आणि त्यांच्या बेरजेचं एक नवं ‘चिन्ह’ यादीत परत ठेवा. एकच गठ्ठा उरेपर्यंत हेच करत राहा.

आपल्या वाक्यात सर्वांत लहान ड (२). त्याच्या जोडीला द किंवा ल, दोघेही ४. कोणीही चालेल, ल घेऊ. गठ्ठा झाला ६ चा. आता सर्वांत लहान द (४) आणि मोकळी जागा (५), गठ्ठा ९. यादीत राहिले काना १४, क ६, ल-ड चा ६ आणि हा ९. दोन्ही ६ जोडले, १२ झाले. मग ९ आणि १२ मिळून २१. शेवटी २१ आणि काना मिळून ३५. पहिल्या दिवसापासून ठळक दिसणारा काना सगळ्यांच्या शेवटी जोडला गेला, म्हणूनच तो मुळाच्या सर्वांत जवळ राहिला.

आता वरून खाली वाचू. कान्याला ०, द ला १००, मोकळ्या जागेला १०१, क ला ११०, ल ला १११० आणि ड ला ११११. ‘काका’ झाला ११००११००. उलट वाचताना ११० वर क सापडतो आणि आपण मुळाशी परततो, पुढच्या ० वर काना. पुन्हा ११०, पुन्हा ०. कुठेही अडखळायला होत नाही. एकूण बिट ८३. फानोच्या मानाने कान्यावर १४ बिट वाचले; क, ल आणि ड यांचा प्रत्येकी एक बिट वाढल्याने १२ परत गेले.

बेरीज तपासायची एक सोपी युक्तीही आहे. प्रत्येक जोडणीत खालच्या सगळ्या चिन्हांचा संकेत एका बिटाने वाढतो. म्हणून वाटेत तयार झालेल्या गठ्ठ्यांची बेरीज हाच एकूण खर्च: ६, ९, १२, २१ आणि ३५ मिळून ८३.

अधाशी पद्धतीवर सहसा विश्वास टाकू नये. समोर दिसेल तो फायदा उचलणारा पुढे फसतो, याची उदाहरणं त्याच पाठ्यपुस्तकात पुढच्या प्रकरणांत असतात. इथे तो का फसत नाही? समजा, कोणीतरी सर्वोत्तम झाड आणून दिलं. त्यात सर्वांत खोल असलेल्या पानाला भावंड असणारच, कारण एकटं पान लोंबत असेल तर ती फांदी छाटून बिट वाचवता येतात. आता त्या खोल जोडीत ड आणि ल नसून, समजा, क असेल, तर क आणि वर बसलेला ड यांची अदलाबदल करा. जास्त वेळा येणारा वर गेला, कमी वेळा येणारा खाली आला. खर्च वाढणं शक्यच नाही. म्हणजे सर्वांत दुर्मीळ दोघे सर्वांत खाली शेजारी-शेजारी आहेत, असं एक तरी सर्वोत्तम झाड नक्की असतं. त्या दोघांना एक चिन्ह मानलं की तोच प्रश्न एका चिन्हाने लहान होतो, आणि तोच युक्तिवाद पुन्हा लागू पडतो. फानोच्या कापाला असा आधार नव्हता. पहिल्याच कापात क ची गाठ कान्याशी बांधली गेली आणि ती पुढे सोडवता आली नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रोग्रामात एक चूक फार साळसूदपणे लपते. यादी सुरुवातीला एकदाच क्रमाने लावायची आणि नवा गठ्ठा यादीत योग्य जागी परत न ठेवता, त्यालाच पुढचं चिन्ह जोडत सुटायचं. मग झाडाची शिडी होते: ६, १०, १५, २१, ३५. बेरीज ८७, फानोपेक्षाही वाईट. मजा अशी की या शिडीने वाक्य बिनचूक आवळतं आणि बिनचूक उलगडतं. ‘परत तेच वाक्य मिळालं का’ एवढीच चाचणी घेणारा निर्धास्त राहतो. गठ्ठ्यांची बेरीज केली तरच चूक उघडी पडते.

दुसरी चूक मात्र पडद्यावरच नाचते. फाइल बाइटांतच लिहावी लागते आणि ८३ ला आठने भाग जात नाही. ११ बाइट घ्यावे लागतात, म्हणजे शेवटी ५ बिट भरतीचे. ते सवयीने शून्य ठेवले की वाचणारा प्रोग्राम प्रत्येक शून्याला काना समजतो आणि शेवटच्या ‘लाडका’ला पाच जास्तीचे काने लागतात. त्यासाठी चिन्हांची संख्या आधी लिहून ठेवावी लागते किंवा ‘मजकूर संपला’ असं सांगणारं वेगळं चिन्ह झाडात घालावं लागतं. झिप आणि पीएनजी फाइलींत वापरली जाणारी डिफ्लेट पद्धत दुसरा मार्ग घेते.

आणि ज्याच्याकडे फाइल जाईल त्याच्याकडे झाडही हवं. इथे आपलं वाक्य अपुरं पडतं: सहा चिन्हं आणि त्यांचे संकेत लिहून पाठवायचे तर तो तक्ताच ११ बाइटांहून मोठा होतो. मजकूर हजारो अक्षरांचा असेल तेव्हाच हा भार पेलतो. डिफ्लेटमध्ये झाडाचा आकारसुद्धा पाठवत नाहीत, प्रत्येक चिन्हाच्या संकेताची फक्त लांबी पाठवतात. एकाच लांबीचे संकेत ओळीने द्यायचे, असा नियम दोन्हीकडे ठरलेला असल्याने लांबीवरून संकेत पुन्हा तयार करता येतात. ही लांबी तिथे १५ बिटांच्या पुढे जाऊ दिली जात नाही, मग हफमनचं झाड त्याहून खोल गेलं तरी.

शॅननच्या सूत्राने आपल्या वाक्याची खालची मर्यादा काढली तर ती ८१ बिटांच्या किंचित वर येते. हफमनचे ८३ तिथपर्यंत पोचत नाहीत, कारण सूत्रानुसार कान्याचा न्याय्य वाटा सुमारे १.३ बिट आहे आणि झाडाला अर्धामुर्धा बिट देता येत नाही. एखादं चिन्ह शंभरात नव्वद वेळा येत असेल तर त्याला साधारण ०.१५ बिट पुरावा, पण झाड त्याच्याकडूनही पूर्ण एक बिट घेतं. अशा एकसुरी मजकुरात अंकगणिती संकेतन ही नंतरची पद्धत पुढे जाते. ती चिन्हागणिक संकेत न देता सगळ्या मजकुराचा मिळून एकच अपूर्णांक बनवते.