चारही बरोबर, पण आधी कोणतं?

'एम्स'ची नॉरसेट असो की अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्याच्या परवान्यासाठीची एनक्लेक्स, या परीक्षांत काही प्रश्नांचे चारही पर्याय बरोबर वाटतात. विचारलेलं असतं एवढंच: सिस्टर सर्वांत आधी काय करेल? अभ्यासू विद्यार्थी इथेच गुण घालवतात, कारण ते 'योग्य काय' हे शोधत बसतात.

अशा वेळी क्रम लावायचा तो श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण असा. हवा जायची वाटच बंद झाली, तर बाकीच्या उपचारांना वेळच उरत नाही.

समजा, थायरॉईडचं ऑपरेशन होऊन चार तास झालेली बाई आहे. गळा आवळल्यासारखा वाटतो म्हणते, श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो, वेदना दहापैकी आठ. ड्रेसिंग कोरडं आहे. पर्याय असे: वेदनाशामक देणं, कॅल्शियम तपासायला रक्त घेणं, ड्रेसिंग बदलणं, किंवा डोक्याकडची बाजू उंच करून सर्जनला तातडीने बोलावणं. वेदनेचा आकडा डोळ्यांत भरतो, पण वेदना थोडा वेळ थांबू शकते. कॅल्शियमचा पर्याय खास हुशार मुलांसाठी लावलेला सापळा. थायरॉईडमागच्या छोट्या ग्रंथी दुखावल्या तर कॅल्शियम खरंच घटतं, पण त्याचा त्रास बहुधा एक-दोन दिवसांनी दिसतो. चौथ्या तासाला असा आवाज आला, तर आधी संशय घ्यायचा तो मानेत रक्त साचून श्वासनलिका दाबली जात असल्याचा. कोरड्या ड्रेसिंगवर विसंबू नये. रक्त आतच साचू शकतं किंवा मागे ओघळतं, म्हणून जाणती सिस्टर मानेखाली हात घालून बघते. तेव्हा उत्तर चौथं. प्रत्यक्ष वॉर्डात तर अशा वेळी खाटेवरच टाके उघडायची तयारी ठेवावी लागते.

मात्र हा क्रम डोळे मिटून लावायचा नसतो. प्रौढ माणसाचं हृदय अचानक बंद पडलं, तर 2010पासून अमेरिकन हार्ट असोसिएशन छाती दाबण्यापासूनच सुरुवात करायला सांगते, कारण रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो, तो फिरवायला हवा.

दुसरा फसवा प्रश्न रक्त चढवण्याचा. पिशवी लावून दहा मिनिटं झाली आणि रुग्णाला हुडहुडी भरली, कंबर दुखू लागली, धाप लागली. पाठांतरवाला ऑक्सिजनवर खूण करतो. पण ज्याच्यामुळे धाप लागली ते रक्त अजून थेंबथेंब आत जातंच आहे! आधी ते बंद करायचं. मग नळी बदलून नवीन सेटने सलाईन चालू ठेवायचं, ऑक्सिजन लावायचा, डॉक्टरांना कळवायचं. उरलेली पिशवी आणि नळी मात्र कचऱ्यात टाकायची नाही, ती तपासणीसाठी रक्तपेढीकडे परत जाते.