"हाय ताई" आणि "महोदया": उत्तर कसं लिहायचं?

ताईंनो, गटाचा फोन आता कुणा एकीचा राहिला नाही. घरच्या बाईपासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांचे मेसेज त्यावरच येतात. समजा, एकाच सकाळी हे दोन आले.

पहिला नागपूरच्या एका मुलीचा: "हाय ताई! मोहाचे लाडू आहेत का?"

दुसरा बँकेतून: "महोदया, आपल्या गटाच्या कर्ज प्रस्तावासंदर्भात मागील ६ महिन्यांच्या बैठकांची नोंद व ठरावाची प्रत सोमवारपर्यंत सादर करावी."

आपली गडबड इथंच होते. साहेबाला आपण लिहितो, "हो भाऊ, पाठवतो उद्या." आपल्याकडं भाऊ म्हणणं मायेचंच आहे, त्यात उद्धटपणा काही नाही. पण साहेबाला फोनवर फक्त नंबर दिसतो. कोणता गट, कोणतं गाव, काय पाठवणार, हे त्या उत्तरात कुठंच नाही. त्याने "महोदया" लिहिलं ते अंतर ठेवायला नव्हे. ते कागद पुढं फाईलला लागतात, आणि उद्या त्याची बदली झाली तर नवा माणूस तेच वाचणार. म्हणून उत्तरही फाईलला लावता येईल असंच हवं:

"मा. शाखा व्यवस्थापक, सविनय नमस्कार. आपला आजचा संदेश मिळाला. ठरावाची प्रत सोबत जोडली आहे. बैठकांची नोंद शनिवारी आणून देते. आपली विश्वासू," आणि खाली आपलं नाव, गटाचं नाव, गाव.

यात अवघड शब्द एकही नाही. "अनुषंगाने", "उपरोक्त" असले शब्द ओढूनताणून घालू नका. त्यानं अर्थ धूसर होतो आणि चूकही होते. संबोधन, "आपण" आणि शेवटची ओळख एवढं नीट असलं की झालं.

आता ती नागपूरची मुलगी. तिला जर असंच लिहिलं, "महोदया, आपला संदेश मिळाला, लाडू उपलब्ध आहेत," तर तिला वाटेल हे कुठल्या कंपनीचं ठरलेलं उत्तर आहे, नाहीतर ताई रागावल्या आहेत. ती मोकळी आली, आपण दार अर्धंच उघडलं. "हाय" लिहायला संकोच वाटत असेल तर लिहू नका, "नमस्कार ताई" चालतं. पण पुढचं वाक्य मोकळं असू द्या: "आहेत ना! किती पाहिजेत? अर्धा किलो आणि एक किलोचे डबे आहेत. गुरुवारी बनवतो आम्ही, शुक्रवारी एसटीनं पाठवू." मोकळेपणा बोलण्यात ठेवा, वजन, भाव आणि तारखेत नाही. "पाठवू लवकरच" एवढ्यावर थांबलं की पुढं भांडण ठरलेलं. पैशाची गोष्ट आली किंवा डबा फुटल्याची तक्रार आली, तर मैत्रिणीलाही पूर्ण वाक्यात लिहा.

आपली बोली कुठं चालते, हाही प्रश्न पडतो. "सांगजा", "येजा" हे आपल्या भागात आदरानंच म्हणतात. पुण्याच्या माणसाला ते कळत नाही, कधी हुकूम वाटतो. त्याला "सांगा", "या" लिहा. आपल्या मुलीला मात्र "येजो" लिहा, "कृपया यावे" नको.

कुणी "जय सेवा", "जोहार" किंवा "जय भीम" लिहिलं तर उत्तरात तोच शब्द परत द्या. तो नुसता "हॅलो" नाही, त्यात माणसाची ओळख आहे. त्याला "हाय" म्हटलं तर तो काही बोलणार नाही, पण मनात ठेवेल. शासनानं २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांना फोनवर "हॅलो"ऐवजी "वंदे मातरम्" म्हणायला सांगितलं होतं. कचेरीत फोन लावला आणि तिकडून तसं आलं तर आपणही तेच म्हणावं, की "नमस्कार" म्हणून कामाला लागावं. दोन्ही चालतं.

ग्रामसंघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र दोघंही असतात. साहेबाचा मेसेज वर, पोरीचं "हाय" खाली. तिथं सगळ्यांना एकच "नमस्कार" पुरतो. साहेबाच्या प्रश्नाला तिथंच उत्तर द्या आणि पोरीशी वेगळं बोला, कारण तिथला प्रत्येक शब्द पन्नास जणी वाचतात.

आपला सूर चुकला हे कसं कळतं? मोकळं लिहिणारी मुलगी अचानक "ओके मॅडम" लिहू लागली, तर आपण फार ताठ झालो. साहेबाची उत्तरं आखडत गेली, किंवा तोच प्रश्न त्यांनी परत विचारला, तर आपण फार सैल झालो. आणि तिसऱ्या-चौथ्या मेसेजला "महोदया" जाऊन "ताई" आलं, तर आपणही "मा. शाखा व्यवस्थापक" सोडून "सर" लिहायला हरकत नाही. पण ती सूट आधी त्यांनी द्यायची, आपण घ्यायची नाही.