ब्लेड हातात देण्याआधी

तालुक्याच्या गावातलं पंधरा खाटांचं रुग्णालय. आज उजव्या बाजूच्या हर्नियाचं ऑपरेशन आहे. थिएटरमध्ये सर्जन, बाहेरून आलेले भूलतज्ज्ञ, एक सिस्टर आणि एक मावशी, एवढीच माणसं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीचे तीनही थांबे इथे सिस्टरच मोठ्याने वाचतात.

पहिला थांबा साइन-इन, भूल देण्याआधी. "काका, पूर्ण नाव सांगा. ऑपरेशन कशाचं? कोणत्या बाजूचं?" प्रश्न असाच विचारायचा. "उजव्या बाजूचं ना?" म्हटलं की घाबरलेला माणूस कशालाही मान हलवतो. उत्तर केसपेपरशी, संमतिपत्राशी आणि मांडीवरच्या मार्करच्या खुणेशी जुळवायचं. मग ॲलर्जी, उपाशीपोट, बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर. मोठ्या यादीत नसलेल्या दोन ओळी इथे हाताने लिहून घेतल्या आहेत: दुसरा ऑक्सिजन सिलिंडर भरलेला आहे का, आणि वीज गेली तर सक्शन चालेल का. सक्शनची नळी पाण्यात बुडवून बघायची, नुसतं "हो" चालत नाही. जास्त रक्तस्रावाची शक्यता असेल तर रक्ताची सोयही याच वेळी बघायची, कारण रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी आहे.

दुसरा थांबा टाइम-आउट, चिरा देण्याआधी. नाव, ऑपरेशन, बाजू पुन्हा एकदा, या वेळी सगळ्यांनी हातातलं काम थांबवून. अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत दिलं का? वॉर्डात सकाळी सातला दिलं आणि चिरा साडेनऊला, तर ते वेळेत बसत नाही. गर्दीच्या दिवशी हाच थांबा गाळला जातो. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे: वाचन पुरं होईपर्यंत ब्लेड सिस्टरच्या ट्रेमध्येच राहतं. कागदावर सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या दिसल्या तर समजावं की यादी ऑपरेशननंतर भरली आहे.

तिसरा साइन-आउट. यादीप्रमाणे तो रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी होतो, पण मोजणी जखम शिवायच्या आधी हवी. समजा, सुरुवातीला पाच-पाचच्या चार गड्ड्या, म्हणजे २० गॉज फळ्यावर लिहिले होते आणि आता १९ भरतात. शिवण थांबते. सर्जन जखमेत बघतात, मावशी बादली उलटी करून एकेक तुकडा उलगडते, मग चादरींच्या घड्या तपासतात. बहुतेकदा दोन ओले गॉज एकमेकांना चिकटलेले निघतात. तरीही सापडला नाही, तर एक्स-रे. मात्र गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असेल तरच तो उमटतो. थानातून कापून घरीच घड्या घातलेल्या गॉजमध्ये तसा धागा नसतो, आणि कोरा एक्स-रे बघून जखम बंद केली तर आतला गॉज आतच राहतो. म्हणून असा गॉज ड्रेसिंगपुरता ठेवावा आणि ऑपरेशनच्या ट्रेवर धाग्याचाच घ्यावा, महाग पडला तरी.

विसावा गॉज सापडला की सिस्टर फळ्यावर सर्वांसमक्ष २० लिहितात आणि सर्जन सुई मागतात.