क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम: डोस हळूहळू का वाढवतात?

क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम ही अपस्मारावरची, म्हणजे फिट्सवरची, बेन्झोडायझेपिन गटातली औषधे आहेत. मेंदूतल्या पेशींना शांत ठेवणारे ‘गाबा’ नावाचे रसायन शरीरात असतेच. या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. पेशींचा एकदम उठणारा भडका त्यामुळे आवरतो. पण जागेपण, तोल आणि लक्ष सांभाळणाऱ्या पेशीही त्याच वेळी मंदावतात. सुरुवातीची गुंगी येते ती यामुळेच.

क्लोबाझामच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. यकृतात त्याचे नॉरक्लोबाझाम बनते आणि तेही फिट रोखते. त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण तीन दिवस लागतात. समजा, एका प्रौढ रुग्णाने रोज रात्री 10 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. आदल्या दिवसांचे नॉरक्लोबाझाम पुरते उतरायच्या आत नवे येत राहते. तिसऱ्या दिवशी ते अखेरच्या पातळीच्या निम्म्यावर, सहाव्या दिवशी पाऊण आणि पंधरवड्याच्या सुमारास जवळजवळ पूर्ण पातळीवर पोचते. तिसऱ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून गोळी दुप्पट केली, तर पहिल्या डोसची उरलेली भर आणि नवी वाढ एकावर एक चढते. म्हणून प्रौढांमध्ये डोस वाढवताना सहसा निदान आठवडाभराचे अंतर ठेवतात. काहींच्या यकृतातले सीवायपी2सी19 हे एन्झाइम जन्मतःच मंद असते. त्यांच्यात नॉरक्लोबाझाम कितीतरी जास्त साठते, म्हणून त्यांची सुरुवात कमी डोसने होते.

क्लोनाझेपामचे आकडे लहान असतात, कारण ते मिलिग्रॅममागे जास्त प्रभावी आहे. त्याची वाढही अर्ध्या-पाव मिलिग्रॅमने होते. सौम्य सुस्ती बहुधा काही दिवसांत ते आठवड्यांत उतरते. मात्र चालताना झोक जाणे, बोलणे अडखळणे, लहान मुलाची लाळ गळणे किंवा एकाएकी वाढलेला चिडचिडेपणा दिसला, तर डोस जास्त होत असल्याची शंका घ्यावी. हाक मारूनही रुग्ण नीट जागा होत नसेल किंवा श्वास मंदावला असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे. दारू आणि अफूजन्य वेदनाशामकांसोबत हा धोका वाढतो.

गुंगी ओसरते, कारण मेंदू औषधाला सरावतो. हाच सराव फिट रोखण्याच्या गुणालाही लागू शकतो: गाबाचे ग्राहक औषधाला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. क्लोनाझेपाम घेणाऱ्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत रुग्णांत, बरेचदा तीन महिन्यांच्या आत, परिणाम घटल्याचे आढळले आहे. गुंगी नाही, गोळी चुकलेली नाही, तरी फिट्स परतल्या, तर हे कारण असू शकते. डोस वाढवून काहींना पुन्हा फायदा होतो, पण प्रत्येक वाढीबरोबर पुढची जागा कमी होते. डोस सुरुवातीला लहान ठेवल्याने ती जागा हाताशी राहते.

सरावलेल्या मेंदूतून औषध अचानक काढले, तर फिट्स उसळतात, एकामागोमाग एक न थांबणाऱ्याही. म्हणून डोस चढवला जातो तसाच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने उतरवला जातो.